वरची स्ट्राइक ओलांडली, तरी बुल कॉल स्प्रेडचा पूर्ण नफा का दिसत नाही?

प्रश्न: निफ्टी २५,००० ला असताना, २८ दिवसांनी संपणारा २५,००० चा कॉल ४०५ ला घेतला आणि २५,४०० चा कॉल २२५ ला विकला. एका आठवड्यात निफ्टी २५,४५० वर गेला. जास्तीत जास्त नफा २२० पॉइंट असायला हवा, पण स्क्रीनवर ८५ च दिसतायत. ॲपमध्ये काही गडबड आहे का? आता बाहेर पडू की एक्सपायरीपर्यंत थांबू? आणि नुसता कॉलच घेतला असता तर बरं झालं असतं ना?

उत्तर:

ॲप बरोबर आहे. तुम्ही ज्या २२० पॉइंटांची वाट बघताय ते फक्त एक्सपायरीच्या दिवशी पूर्ण मिळतात, आणि तुमच्या स्प्रेडला अजून २१ दिवस बाकी आहेत. शिकवताना सगळेजण स्प्रेडचा तो कोनाकोनाचा आलेख काढून दाखवतात: खाली सपाट, मध्ये तिरका, वर पुन्हा सपाट. तो आलेख एकाच दिवसाचा असतो, शेवटच्या. त्याआधीच्या प्रत्येक दिवशी आलेख गोलसर आणि बराच चपटा असतो. हे कुणी सांगत नाही, म्हणून दिशा अचूक ओळखूनही माणूस गोंधळतो.

आधी तुमचे आकडे उलगडून बघू. तुम्ही ४०५ दिले, २२५ मिळाले, म्हणजे निव्वळ खर्च १८०. दोन स्ट्राइकमधलं अंतर ४००, म्हणून स्प्रेडची किंमत कधीच ४०० च्या वर जाणार नाही आणि शून्याच्या खाली जाणार नाही. नफा जास्तीत जास्त २२०, तोटा जास्तीत जास्त १८०, आणि एक्सपायरीला ना नफा ना तोटा २५,१८० ला. हिशेबासाठी ६५ चा लॉट धरतो (लॉट वेळोवेळी बदलतो, तुमच्या कॉन्ट्रॅक्टचा बघून घ्या), तर खर्च ११,७०० रुपये आणि कमाल नफा १४,३०० रुपये, दोन्ही ब्रोकरेज आणि कर सोडून.

८५ पॉइंट नफा दिसतोय म्हणजे स्प्रेडची किंमत आज २६५ आहे. बाजारभाव अंदाजे असे असणार: २५,००० चा कॉल ६२० आणि २५,४०० चा कॉल ३५५. आता प्रत्येक कॉलची किंमत दोन भागांत तोडा. अंगभूत किंमत म्हणजे आजच एक्सपायरी असती तर कॉलचे जेवढे मिळाले असते तेवढी. निफ्टी २५,४५० ला असताना २५,००० च्या कॉलची अंगभूत किंमत ४५०, म्हणजे वरचे १७० हे निव्वळ उरलेल्या वेळेचे. २५,४०० च्या कॉलची अंगभूत किंमत फक्त ५०, म्हणजे त्याच्या ३५५ मधले तब्बल ३०५ वेळेचे. तुम्ही विकलेल्या कॉलमध्ये वेळेचे पैसे ३०५ आणि घेतलेल्या कॉलमध्ये १७०. फरक १३५. आणि ४०० मधून २६५ वजा केले तर किती उरतात? तेच १३५. तुमचा ‘गायब’ नफा नेमका इथे अडकलाय.

असं का होतं? कारण कुठल्याही ऑप्शनमध्ये वेळेचे पैसे सर्वांत जास्त असतात ते निफ्टी त्याच्या स्ट्राइकच्या आसपास असताना. तुम्ही शिरलात तेव्हा निफ्टी २५,००० ला होता, म्हणजे वेळेचे पैसे सर्वांत जास्त तुम्ही घेतलेल्या कॉलमध्ये होते. आता निफ्टी वर सरकून तुम्ही विकलेल्या कॉलच्या दारात उभा आहे, त्यामुळे वेळेचे पैसे तिकडे फुगलेत. ते कमी व्हायला मुख्य मार्ग दोन: दिवस जाणं, किंवा निफ्टी २५,४०० पासून आणखी बराच वर जाणं.

हेच दुसऱ्या बाजूने, शक्यतेच्या भाषेत बघितलं तर जास्त पटतं. आयव्ही, म्हणजे प्रीमियममधून निघणारा वार्षिक चढउताराचा अंदाज, १२ टक्के धरली तर २१ दिवसांत निफ्टी साधारण सातशे पॉइंट वर किंवा खाली जाणं हे बाजाराच्या दृष्टीने अगदी नेहमीचं आहे. आणि तुमची वरची स्ट्राइक फक्त ५० पॉइंट खाली आहे. म्हणजे ती ओलांडली असं आपण म्हणतो खरं, पण एक्सपायरीला निफ्टी तिच्या वर असेल की खाली, हे जवळजवळ अजून निम्मं-निम्मंच आहे. आजच्या प्रीमियममधून निघणारा अंदाज असा: शंभरपैकी सुमारे ५६ वेळा निफ्टी २५,४०० च्या वर बंद होईल आणि स्प्रेडचे पूर्ण ४०० मिळतील, सुमारे २४ वेळा २५,००० च्या खाली जाईल आणि काहीच मिळणार नाही, उरलेल्या २० वेळा मध्ये कुठेतरी थांबून सरासरी दोनशेच्या आसपास मिळतील. ५६ टक्के गुणिले ४०० म्हणजे २२४, आणि २० टक्के गुणिले २०० म्हणजे ४०. बेरीज २६४. बाजार २६५ ला देतोय. म्हणजे किमतीत चूक नाही, फक्त ‘अजून ठरलेलं नाही’ याची सूट आहे. (या शक्यता प्रीमियममध्ये दडलेल्या आहेत, कुणाचं भाकीत नव्हे. बाजाराचा अंदाजही चुकतोच.)

आता पुढे काय होईल ते बघा. समजा निफ्टी हलला नाही, २५,४५० लाच चिकटून बसला. एक्सपायरीला एक आठवडा उरेल तेव्हा स्प्रेड २९० च्या आसपास असेल. दोन आठवडे थांबून कमाई २५ पॉइंट. एक दिवस उरेल तेव्हा साधारण ३६०. शेवटचे ४० पॉइंट त्या शेवटच्या दिवसात येतात, आणि तेही निफ्टी २५,४०० च्या वर टिकला तरच. स्ट्राइकच्या काठावर बसलेल्या स्प्रेडचा नफा असा शेवटाला गोळा होऊन येतो. त्याउलट निफ्टी लवकर आणखी वर गेला, समजा आणखी एका आठवड्यात २५,८०० ला, तर स्प्रेड ३४० च्या आसपास असेल. वरच्या स्ट्राइकच्या चारशे पॉइंट वर जाऊनसुद्धा ४०० नाहीच. हे एकदा डोक्यात बसलं की ‘पूर्ण नफा’ या शब्दाची ओढ कमी होते.

आता नुसत्या कॉलबद्दल. कॉल ४०५ वरून ६२० ला गेला, म्हणजे २१५ पॉइंट, एका लॉटला १३,९७५ रुपये. तुमच्या स्प्रेडचे ५,५२५. ही तुलना बघून पोटात दुखणं साहजिक आहे, पण ती चुकीची तुलना आहे. कॉलला २६,३२५ रुपये घातले असते, स्प्रेडला ११,७००. घातलेल्या पैशाच्या हिशेबाने कॉलने ५३ टक्के दिले आणि स्प्रेडने ४७ टक्के. फरक आहे, पण स्क्रीनवर वाटतो तेवढा नाही. आणि हा प्रसंग कॉलसाठी जवळजवळ सर्वांत अनुकूल होता: एका आठवड्यात साडेचारशे पॉइंटची सरळ चढाई.

तोच आठवडा निफ्टीने २५,००० लाच घालवला असता तर? कॉल ४०५ वरून ३४५ च्या आसपास आला असता, म्हणजे ६० पॉइंट, ३,९०० रुपये काहीही न होता गेले असते. स्प्रेड १८० वरून १७५ च्या आसपास. पाच पॉइंट. कारण विकलेला कॉलही त्याच वेळी झिजत होता आणि ती झीज तुमच्या खिशात येत होती. आयव्हीचंही तसंच. बाजार हळूहळू वर चढतो तेव्हा आयव्ही बहुतेक वेळा उतरते, आणि नुसता कॉल घेतलेल्या माणसाला दिशा बरोबर असूनही तिचा फटका बसतो. स्प्रेडमध्ये एक लेग घेतलेला आणि एक विकलेला असल्याने तो फटका बराचसा आपसात मिटतो. वरचा कॉल विकून मिळालेल्या २२५ बरोबर तुम्ही हा शांतपणाही घेतलाय, आणि त्याची किंमत म्हणून २५,४०० च्या वरची चढाई सोडून दिलीय. हजार पॉइंटची झेप येईल असं खरंच वाटत असेल तर स्प्रेड हे साधनच चुकीचं. चारशे पॉइंटची अपेक्षा असेल तर नुसता कॉल घेणं म्हणजे न लागणाऱ्या गोष्टीचे पैसे मोजणं.

थांबायचं की निघायचं या प्रश्नात ८५ नफा झालाय हे विसरा. आज हातात २६५ किमतीची वस्तू आहे. ती ठेवली तर जास्तीत जास्त आणखी १३५ मिळू शकतात, आणि वाईटात वाईट २६५ जाऊ शकतात. सुरुवातीला तुम्ही १८० घालून २२० कमवायला निघाला होता, आता २६५ घालून १३५ कमवायचा सौदा आहे. स्वतःला एवढंच विचारा: हा स्प्रेड माझ्याकडे नसता, तर आज २६५ ला मी तो घेतला असता का?

याचं ‘हो’ असं उत्तर यायला तुमचं मत बदललेलं असावं लागतं, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सुरुवातीला तुमचं मत होतं, ‘निफ्टी चारशे पॉइंट वर जाईल.’ ते खरं ठरलं. आता थांबायचं असेल तर मत हवं, ‘तीन आठवडे निफ्टी २५,४०० च्या खाली बंद होण्याइतका पडणार नाही.’ ही वेगळीच गोष्ट आहे. पहिल्या मतामागचं कारण, समजा एखादा निकाल, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, एखादी चार्टवरची पातळी, घडून गेलं असेल आणि दुसऱ्या मतामागे काहीच कारण नसेल, तर मी बाहेर पडतो. कारण असेल तर थांबतो, पण एक पातळी ठरवून. तुमच्या बाबतीत, आणखी आठवडाभराने निफ्टी २५,२०० ला परत आला तर स्प्रेड २१० च्या आसपास असेल. म्हणजे तिथे बाहेर पडण्याचं ठरवलं तर तीसेक पॉइंट तरी हातात राहतात आणि नफ्यातला सौदा तोट्यात जात नाही. रात्रीतून मोठा गॅप आला तर ही पातळी पाळता येणार नाही, हे धरूनच चाला.

माझी स्वतःची सवय अशी की कमाल नफ्याच्या सत्तर-पंचाहत्तर टक्के मिळाले की मी वाट बघत नाही. वर सांगितलेल्या २५,८०० च्या उदाहरणात स्प्रेड ३४० ला, म्हणजे नफा १६०, कमाल नफ्याच्या ७३ टक्के. तिथून पुढे ६० कमवायला ३४० टांगणीला लावायचे, तेही दोन आठवडे. एकापेक्षा जास्त लॉट असतील तर अर्धे काढून अर्धे ठेवणं मला तुमच्या आजच्या स्थितीत सर्वांत पटतं. एकच लॉट असेल तर हा पर्याय नाही, मग मत स्पष्ट करूनच निर्णय घ्यावा लागतो.

बाहेर पडताना एक मोह टाळा. बरेच जण म्हणतात, ‘निफ्टी जोरात आहे, विकलेला कॉल परत घेऊन टाकतो, घेतलेला कॉल पळू दे.’ हिशेब करा. विकलेला कॉल २२५ ला विकला होता, परत घ्यायला ३५५ लागतील. तुमचा एकूण खर्च १८० अधिक ३५५, म्हणजे ५३५ झाला. हातात २५,००० चा कॉल उरला, ज्याचा ना नफा ना तोटा आता २५,५३५ ला. निफ्टी २५,४५० ला आहे. म्हणजे ११,७०० चा ठरलेला धोका एका क्लिकमध्ये ३४,७७५ चा केला, आणि दिशा बरोबर ओळखूनही नफ्यात यायला आणखी ८५ पॉइंट हवेत. याउलट घेतलेला कॉल आधी विकून २५,४०० चा विकलेला कॉल तसाच ठेवला, तर तोट्याला वरची मर्यादाच उरत नाही. स्प्रेड दोन्ही लेग मिळून एक पोझिशन आहे. घेताना एकत्र, काढताना एकत्र.

एकत्र म्हणजे कुठल्या क्रमाने, हेही सांगतो, कारण इथे मार्जिन आडवं येतं. २५,४०० चा कॉल एकटा विकायला एका लॉटला दीड-दोन लाखांच्या घरात मार्जिन लागतं. २५,००० चा कॉल आधी हातात असेल तर एक्सचेंजची प्रणाली धोका मर्यादित आहे हे ओळखते आणि तेच मार्जिन खूपच खाली येतं. म्हणून शिरताना आधी खरेदी, मग विक्री. निघताना उलट: आधी विकलेला कॉल परत घ्यायचा, मग घेतलेला विकायचा. क्रम चुकला तर मधल्या काही क्षणांसाठी खात्यात पूर्ण मार्जिन नसल्याने ऑर्डर फेटाळली जाते किंवा मार्जिन कमी पडल्याचा दंड लागतो. दोन्ही ऑर्डर एकदम टाकणाऱ्या बास्केट ऑर्डरची सोय असेल तर वापरा, पण तीही क्रमाने लावा. आणि लक्षात घ्या, ११,७०० हा तुमचा कमाल तोटा आहे, अडकलेली रक्कम नव्हे. हेज असूनही एक्सपोजर मार्जिन लागतं, त्यामुळे खात्यात त्यापेक्षा बरेच जास्त पैसे अडकतात. परताव्याचा टक्का काढताना निदान स्वतःशी तरी त्या रकमेवर काढा.

स्क्रीनवरचे ८५ सुद्धा पूर्ण हातात येतीलच असं नाही. ॲप नफा शेवटच्या सौद्याच्या भावावर दाखवतं. तुम्हाला मात्र २५,००० चा कॉल खरेदीदार देईल त्या भावाला विकायचाय आणि २५,४०० चा कॉल विक्रेता मागेल त्या भावाला घ्यायचाय. निफ्टीच्या शंभराच्या पटीतल्या जवळच्या स्ट्राइकना हा फरक एरवी किरकोळ असतो, पण निफ्टी ज्याच्या स्ट्राइकच्या बराच वर गेलाय अशा कॉलमध्ये, सकाळच्या पहिल्या काही मिनिटांत किंवा मोठी बातमी आल्यावर तो दोन्ही लेग मिळून सहज काही पॉइंट खातो. मार्केट ऑर्डर टाकू नका. दोन्हींचे खरेदी-विक्री भाव बघून, स्प्रेड मला साधारण २६२ ला काढायचाय असं ठरवून लिमिट लावा. शिवाय येऊन-जाऊन चार सौदे होतात, चार वेळा ब्रोकरेज आणि दोन विक्रींवर एसटीटी हा सौद्यावरचा कर. चारशे पॉइंटच्या स्प्रेडला हे झेपतं. पन्नास पॉइंटच्या एका लॉटच्या स्प्रेडमध्ये याच गोष्टी नफ्याचा मोठा लचका तोडतात.

आता मूळ मुद्दा, जो पुढच्या वेळी कामाला येईल. तुमची दिशा बरोबर होती, पातळी बरोबर होती, चुकली ती तारीख. हालचाल आठवड्याभरात झाली आणि तुम्ही २८ दिवसांचा स्प्रेड घेतला होता. निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी सध्या मंगळवारी असते. तुम्ही शिरलात त्याच वेळी सात दिवसांनी संपणारा तोच २५,०००–२५,४०० चा स्प्रेड साधारण १४० ला मिळाला असता. आज, एक्सपायरीला, निफ्टी २५,४५० ला बंद झाला असता तर त्याचे पूर्ण ४०० मिळाले असते, म्हणजे ८५ ऐवजी २६० पॉइंट. वाचून लगेच साप्ताहिकाकडे धावू नका. पहिले सात दिवस निफ्टी २५,००० लाच थांबून हीच चढाई नंतर, दहाव्या दिवसापर्यंत झाली असती, तर साप्ताहिक स्प्रेडचे १४० च्या १४० गेले असते आणि तुमचा २८ दिवसांचा आरामात नफ्यात राहिला असता. स्प्रेड घेताना आपण ‘वर जाईल’ एवढंच म्हणत नसतो, ‘या तारखेला या पातळीच्या वर असेल’ असं म्हणत असतो. तारखेबद्दल मत नसेल तर लांबची एक्सपायरी घ्या, पण मग नफा सावकाश येणार हे मान्य करा. माझ्या अपेक्षेपेक्षा थोडी लांबची एक्सपायरी घेणं आणि पूर्ण नफ्याचा हट्ट सोडणं, हा तोडगा मला सर्वांत कमी त्रासाचा वाटतो.

स्ट्राइक निवडतानाही तोच विचार. वरची स्ट्राइक तुमच्या लक्ष्याजवळ हवी, प्रीमियम जास्त मिळतो म्हणून जवळ नको आणि नफा मोठा दिसतो म्हणून लांब नको. तुम्ही शिरलात तेव्हा २५,४००–२५,८०० चा स्प्रेड १२० च्या आसपास मिळत होता, कमाल नफा २८०. कागदावर फार आकर्षक. पण तिथे नफ्यात यायला निफ्टी एक्सपायरीला २५,५२० च्या वर हवा, म्हणजे तुमचं चारशे पॉइंटचं लक्ष्य बरोबर ठरूनही तोटा. स्वस्त स्प्रेड स्वस्त असतो कारण त्याची शक्यता कमी असते. खर्च भागिले स्ट्राइकमधलं अंतर हा आकडा मी नेहमी काढतो. तुमचा १८० भागिले ४००, म्हणजे ४५ टक्के. १२० चा स्प्रेड ३० टक्के. बाजार त्या स्प्रेडला किती शक्यता देतोय याचा हा ढोबळ पण उपयोगी अंदाज आहे.

आणि स्वस्त दिसतो म्हणून लॉट वाढवू नका. एका कॉलच्या २६,३२५ मध्ये दोन स्प्रेड बसतात, आणि तसे दोन घेतले की तोटा पुन्हा कॉलच्या पैशांजवळ येऊन पोहोचतो. मर्यादित तोटा म्हणजे छोटा तोटा नव्हे. निफ्टी एक्सपायरीला २५,००० च्या खाली बंद झाला तर स्प्रेडचे सगळेच पैसे जातात, आणि महिन्याभरात तसं होणं अजिबात दुर्मीळ नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वैयक्तिक एफ अँड ओ ट्रेडरपैकी सुमारे ९३ टक्के तोट्यात होते. स्प्रेड एका सौद्याचा तोटा बांधतो, वर्षभरात किती सौदे करायचे हे तो बांधत नाही.

शेवटी एक फरक, कारण निफ्टीवर जमलं की लोक तेच शेअरच्या ऑप्शनवर करतात. निफ्टीचे ऑप्शन रोखीत मिटतात. एक्सपायरीपर्यंत ठेवले तरी निर्देशांकाच्या त्या दिवशीच्या बंद भावावर हिशेब होऊन पैसे येतात किंवा जातात (हा बंद भाव शेवटच्या क्षणी स्क्रीनवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा वेगळा असू शकतो, काठावरच्या स्प्रेडला तेवढंही पुरतं). शेअरच्या ऑप्शनमध्ये ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्यांना प्रत्यक्ष शेअरची देवघेव करावी लागते. समजा १,४०० चा कॉल घेतला आणि १,४४० चा विकला, लॉट ५०० चा, खर्च १६, म्हणजे ८,००० रुपये. एक्सपायरीला शेअर १,४५० ला बंद झाला तर दोन्ही कॉल अमलात येतात, एका बाजूने शेअर येतात, दुसऱ्या बाजूने जातात, आपसात मिटतं. पण तो १,४२५ ला, दोन स्ट्राइकच्या मध्ये बंद झाला तर विकलेला कॉल निकामी होतो आणि घेतलेला अमलात येतो. म्हणजे ५०० शेअर १,४०० ने घ्या, सात लाख रुपये भरा. आठ हजारांचा सौदा करणाऱ्याकडे सात लाख तयार असतात असं क्वचितच होतं. एक्सपायरीच्या चार दिवस आधीपासून तुम्ही घेतलेल्या आणि शेअरने ज्याची स्ट्राइक ओलांडलीय अशा कॉलवर डिलिव्हरी मार्जिन टप्प्याटप्प्याने वाढत जातं, हीच खूण. खात्यात अचानक जास्त मार्जिन लागायला लागलं तर ती ब्रोकरची चूक समजून भांडू नका. शेअरवरचा स्प्रेड त्या मार्जिनची वाट न बघता एक्सपायरीच्या आठवड्यात शिरण्याआधीच, दोन्ही लेग मिळून, काढून टाका.